‘आपण’ म्हणजे कोण?

अंबाजोगाईस आमच्या घरातील इंग्रजी ई-मेल लिहिण्याचे काम मजकडे असते. ‘तू’ काय, ‘तुम्ही’ काय, दोहोंस इंग्रजीत ‘यू’च, आदर ‘डिअर सर’, ‘कुड यू’ यांत घालावा लागतो. खरी अडचण ‘आपण’ची. ‘आपण भेटाल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण भेटू’ म्हणजे उभयता. हे क्रियापदच सांगते. परंतु चेन्नईच्या भाडेकरूसाठी काकांनी सांगितले, ‘आपण अटी मान्य केल्या आहेत.’ येथे क्रियापद अटींच्या मागे जाते. कर्ता कळत नाही.

“काका, मान्य कोणी केल्या?”

“त्यांनी!”

म्हणून ‘यू’ लिहिले. ‘वुई’ लिहिले असते, तर त्या अटींनी आम्हीही बांधले गेलो असतो. भूतकाळी ‘आपण’ आला की कर्ता आधी विचारून घ्यावा.