क्रिएटिनिन १.४

रेवदंड्याला आलो की समुद्रकिनारी वाळूत पळतो आणि रात्री गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेन घेतो. रोजचं पाच ग्रॅम क्रिएटिन चालूच. रक्तात क्रिएटिनिन १.४ आलं, तेव्हा आईने पावडरीचा डबाच माळ्यावर टाकला.

डॉक्टरांनी मात्र बोट गोळीवर ठेवलं. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असूनही आकडा थोडा चढू शकतो. घामाने पाणी कमी झालं, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन सावरतात. गोळी नेमकी तीच कमी करते. सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. माझं नॉर्मल आलं, लघवीत प्रथिनंही नव्हती.

डबा खाली आला. गोळ्या आईच्या कपाटात गेल्या. गुडघ्यांसाठी तीही त्याच घेते, रक्तदाबाच्या गोळीसोबत. सोमवारी तिचं रक्त द्यायचंय.