सरांना एक छोटा मेल

व्हायवाला आमच्या इंदुरात मौखिकी म्हणतात. माझी मौखिकी 17 मार्च 2023 ला झाली, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. पण तिची खरी तयारी मी केली ती प्रबंधाची नव्हे, एका मेलची. प्रबंध साडेतीनशे पानांचा होता आणि तो लिहिताना मला इतका घाम फुटला नव्हता, जितका या दहा-बारा ओळी लिहिताना फुटला.

झालं असं. माझा विषय होता इंदूरमधल्या मराठी घरांतली बोली. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा वस्त्यांमधून फिरून आज्या-आजोबांचं बोलणं मी ध्वनिमुद्रित केलं होतं. 'मला माहीत पडलं' असं म्हणणारी आमची मराठी पुण्याच्या माणसाला खटकते, ती तशी का झाली हे शोधायचं होतं. प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक पुण्याचे, निवृत्त प्राध्यापक. त्यांचा अहवाल वेळेवर आला, चांगला आला. आणि मग कळलं, की सर फेब्रुवारीतच अमेरिकेला गेले आहेत, न्यू जर्सीला. लेकीचं बाळंतपण होतं. बाळंतपणाला काकू जाणार, तर सर एकटे पुण्यात राहून काय करणार? परत येणार ते जुलैच्या शेवटी.

जुलैपर्यंत थांबणं मला परवडणारं नव्हतं. एका कॉलेजात एप्रिलमध्ये मुलाखत होती आणि तिथे पदवीची अधिसूचना दाखवायची होती. परीक्षक बदलायचा म्हटलं तर पुन्हा नावं, पुन्हा पत्रं, पुन्हा अहवाल. नियम मात्र माझ्या बाजूचा होता. मौखिकीला मार्गदर्शक हवा आणि दोन बाह्य परीक्षकांपैकी किमान एक तरी हवा. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने व्हिडिओवरून मौखिकी घ्यायला वाट करून दिली होती आणि नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमांत ऑनलाइन मौखिकीची सोय कायम राहिली. म्हणजे अडलं होतं ते फक्त सरांच्या हो म्हणण्यावर.

मी बसले आणि मेल लिहिला. एक पान भरून. त्यात कोरोनात रेकॉर्डिंग कसं थांबलं ते होतं, बाबांची निवृत्ती होती, एप्रिलची मुलाखत होती, आणि शेवटी 'आपल्याला जमेल त्या दिवशी, जमेल त्या वेळी, जमेल त्या पद्धतीने' असं नम्र वाक्य होतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शिकांनी, वाचून नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "हे आदबशीर वाटतंय ना तुला? हे आळशी आहे. नातवंड झालेल्या घरात तो माणूस आता बसून ठरवणार, की इंदूरला किती वाजलेत, विभाग कधी बंद होतो, कोणतं अ‍ॅप घ्यायचं? ते सगळं तू ठरव. त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणू दे." मुलाखतीचा परिच्छेदही त्यांनी काढायला लावला. "तुझी नोकरी त्यांच्या डोक्यावर कशाला? त्यांना नाही म्हणायचं असेल तर नीट नाही म्हणता आलं पाहिजे."

हे मला तेव्हा जरा लागलं. मग दोन दिवस मेल बाजूला ठेवून मी आधी बाकीची कामं केली. विद्यापीठाकडून ऑनलाइन मौखिकीची लेखी परवानगी घेतली. अध्यक्षांना आणि मॅडमना दोन तारखा विचारून पक्क्या केल्या. आणि मग 21 फेब्रुवारीला हा मेल गेला:

"आदरणीय सर, सादर प्रणाम.

माझ्या पीएच.डी. मौखिकीला आपण व्हिडिओवरून उपस्थित राहू शकाल का, हे विचारण्यासाठी लिहिते आहे. शुक्रवार, 17 मार्च, भारतात संध्याकाळी 5, आपल्याकडे सकाळी 6:30. साधारण एक तास. विद्यापीठाची परवानगी सोबत जोडली आहे.

व्हिडिओ तुटला तर तीन मिनिटांत मीच आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करीन, आपण करू नये. पंधरा मिनिटांत काहीच जमलं नाही तर सोमवारी, 20 मार्चला, याच वेळी. ती तारीख इथे सर्वांनी राखून ठेवली आहे.

प्रबंधाची पीडीएफ आणि ध्वनिमुद्रणाचे चार नमुने सोबत आहेत. 13 मार्चला याच वेळी पाच मिनिटं चाचणी घेता येईल.

आपल्याला हे गैरसोयीचं असेल तर तसं निःसंकोच कळवावं. आम्ही जुलैनंतरची तारीख घेऊ."

'आपण करू नये' हे उद्धट वाटेल म्हणून मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. पण लाइन तुटली की दोन्हीकडची माणसं एकाच वेळी एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही व्यस्त ऐकू येतं, हे मी आईचं आणि मावशीचं रोज बघते. कोण फोन करणार, हे आधी ठरलेलं बरं. आणि ध्वनिमुद्रणं आधीच पाठवली त्याचं कारण असं, की या व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये माणसाच्या आवाजाखेरीज बाकी सगळा गोंगाट समजून दाबला जातो. माझ्या एका नमुन्यात आजी जातं ओढत ओवी म्हणते. मी मैत्रिणीबरोबर करून पाहिलं, तर जात्याची घरघर कापताना अ‍ॅपने आजीची अर्धी ओवीही कापली होती. स्क्रीनबरोबर आवाज वेगळा शेअर करायची सोय असते, तरीही मूळ फाइल समोरच्याकडे असणं सर्वांत खात्रीचं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एका ओळीचं. "चालेल. बाळ चारलाच उठवतं."

आता चाचणीची गोष्ट. 12 मार्चला रविवार होता आणि रंगपंचमी होती. रंगपंचमीला इंदुरात गेर निघते, राजवाड्याकडे अख्खं शहर लोटतं, त्या दिवशी कोणी घड्याळाकडे पाहत नाही. मीही पाहिलं नाही. सोमवारी दुपारी चार वाजता मी कानातला रंग साबणाने काढत होते आणि फोन वाजला. सर! "मी येऊन बसलोय. तुमच्याकडे कोणीच नाही."

मी म्हटलं, "सर, अजून एक तास आहे." सर म्हणाले, "तुम्ही साडेसहा लिहिलंय. इथे साडेसहाच वाजलेत."

दोघंही बरोबर होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, त्या रविवारनंतर साडेनऊ तास. मी फेब्रुवारीत हिशेब केला तो फेब्रुवारीचा. मार्चच्या तारखेला फेब्रुवारीचा फरक लावला. आणि इकडे आमची गेर चालू असतानाच तिकडे घड्याळ सरकलं होतं. चाचणी घेतली नसती तर शुक्रवारी सर एक तास रिकाम्या खोलीत बसले असते, आणि कदाचित कंटाळून उठलेही असते. मी लगेच दुसरा मेल टाकला: भारतात 5, आपल्याकडे 7:30, चूक माझी. तेव्हापासून बाहेरगावच्या कोणालाही वेळ कळवायची तर मी त्या दिवसाची तारीख टाकून तिथली वेळ बघते, आजची बघून बेरीज-वजाबाकी करत नाही.

त्या पाच मिनिटांत आणखी एक सापडलं. छापील प्रबंध पुण्याला राहिला होता. सरांच्या टिपणांत छापील पानांचे आकडे, आणि पीडीएफ उघडली की सुरुवातीची प्रमाणपत्रं, ऋणनिर्देश वगैरे धरून चौदा पानं पुढे. सर म्हणाले पान 112, स्क्रीनवर भलतंच. आम्ही ठरवलं, पानाच्या तळाशी छापलेला आकडाच बोलायचा.

शुक्रवारी पाचला सगळं सुरू झालं. अध्यक्ष, मॅडम, विभागातले शिक्षक, मागे आठ-दहा शोधविद्यार्थी. भिंतीवर सरांचा चेहरा, मागे पाळणा. वीस मिनिटं उत्तम गेली. मग अवकाळी पाऊस आला आणि लाइट गेली. लॅपटॉप चालू होता, पण वाय-फायचा डबा विजेवरच चालतो, हे लक्षात यायलाच मिनिटभर गेलं. फोनचं नेट जोडलं तर चित्र गोठलेलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. नुसत्या आवाजाला नेट फार कमी लागतं, त्यामुळे सर स्पष्ट ऐकू येत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "पण हे चालतं का? परवानगी ऑनलाइनची आहे. नुसता फोन म्हणजे उपस्थिती धरायची का?"

खोलीत कोणी बोलेना. परवानगीच्या अर्जात मी व्हिडिओ मागितला होता. व्हिडिओ नसेल तर फोन, हे फक्त सरांच्या मेलमध्ये होतं. पर्यायी सोय मी ज्यांच्यासाठी केली त्यांना सांगितली, आणि ज्यांना ती मान्य करायची होती त्यांना विचारलीच नाही. उद्या कोणी आक्षेप घेतला असता तर मौखिकीच रद्द झाली असती.

फोनमधून सरच म्हणाले, "इतिवृत्तात वेळ लिहा. किती वाजता चित्र गेलं, किती वाजता आलं. आणि संपताना मी चेहरा दाखवल्याशिवाय निकाल लिहू नका." अध्यक्षांनी मान हलवली. 5:22 लिहिलं गेलं. अंधारात, टॉर्चच्या उजेडात सरांनी मला सर्वांत अवघड प्रश्न विचारला: 'माहीत पडलं' हे हिंदीतून आलं असं तुम्ही म्हणता, मग तुमची सर्वांत वयस्कर आजी ते का म्हणत नाही, आणि तिची सून का म्हणते? मी तिसरा नमुना ऐकायला सांगितला. त्यांनी तो त्यांच्याकडेच लावला. सुनेचं माहेर उज्जैनचं, शाळा हिंदी, आणि ती सासूशी बोलताना एक, मुलांशी बोलताना दुसरं वापरते, हे मी सांगत गेले. मागे बाळ रडत होतं.

5:41 ला लाइट आली, चित्र आलं, सरांनी कॅमेऱ्याजवळ येऊन चष्मा वर केला. तेही लिहिलं गेलं.

सहीचा कागद सरांनी त्यांच्या मेलवरून, सही करून, फोटो काढून त्याच रात्री पाठवला. खाली दोन ओळी होत्या. तळटीप 41 मध्ये गावाचं नाव चुकलंय, अंतिम प्रतीत दुरुस्त करा. आणि पुढच्या वेळी वाय-फायला इन्व्हर्टर लावा.