तुपाचा हिशेब

दिवाळीला तीन आठवडे होते. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली आणि मी वही घेऊन बसले, तेवढ्यात धाकट्या जाऊचा निरोप आला. ती टिळकवाडीत राहते आणि घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. मोबाईलवर तीन स्क्रीनशॉट पाठवून खाली लिहिलं होतं, "अक्का, यातलं स्वस्त कुठलं? दहा किलो तूप लागणार आहे. तुमचा हिशेब पक्का असतो म्हणून विचारते."

हिशेब पक्का! या एका वाक्याने मी फुगले आणि तिथेच फसले.

पहिल्या चित्रात एक लिटरचा डबा, ६४० रुपये. दुसऱ्यात एक किलोचा डबा, ६८० रुपये. तिसऱ्यात अर्ध्या किलोच्या दोन बरण्या मिळून ६९० रुपये आणि खाली बारीक अक्षरात ₹69/100 g असं आयतं गणित. मी मनातल्या मनात सगळ्यांना हजाराने भागलं. ६४ पैसे, ६८ पैसे, ६९ पैसे. "पहिला घे," म्हणून लगेच कळवून टाकलं. तिनेही दहा डबे मागवले.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री तिचा फोन. "अक्का, तूप संपलं की हो! दोन किलो बेसन भाजायचं राहिलंय आणि डब्यात तळाला चमचाभर उरलंय."

एक किलो बेसनाला अर्धा किलो तूप, असं तिचं माप. प्रत्येक घाण्याला ती काट्यावर तोलूनच घालते. मग किलोभर तूप गेलं कुठे? घरात कुणी खाल्लं का, सांडलं का, असं आम्ही एकमेकींना विचारत राहिलो. तिच्या मदतनीस बाईवर संशय घ्यायची वेळ येते की काय, याची मला धास्ती वाटली. शेवटी मी तोच स्क्रीनशॉट उघडला आणि बोटांनी मोठा केला. डब्याच्या चित्रावर, नावाच्या खाली, स्वच्छ लिहिलेलं होतं: 1 L (905 g).

तूप पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर पाणी किलोभर भरतं, तूप मात्र ९०५ ग्रॅमच्या आसपासच. लिटर हे जागेचं माप, किलो हे वजनाचं. पाण्याच्या सवयीने आपण दोन्ही एकच धरतो. दहा लिटर म्हणजे ९ किलो ५० ग्रॅम. राहिलेले ९५० ग्रॅम कुणी चोरले नव्हते, ते आलेच नव्हते.

मग नव्याने भागाकार केला. ६४० भागिले ९०५, म्हणजे ग्रॅमला ७१ पैसे. जे सगळ्यांत स्वस्त म्हणून सांगितलं, तेच सगळ्यांत महाग निघालं! तेवढंच तूप किलोच्या डब्यांतून घेतलं असतं तर ६,१५४ रुपये झाले असते. तिने ६,४०० मोजले. २४६ रुपये माझ्या पक्क्या हिशेबापायी गेले.

तिसऱ्या चित्राचं आयतं गणितही पुरं नव्हतं. त्याला घरपोच आणण्याचे ४० रुपये वेगळे होते, आणि ते पैसे द्यायच्या पानावरच दिसतात. एकच जोडी मागवली तर ७३० रुपये, म्हणजे ग्रॅमला ७३ पैसे. दहा किलो एकदम मागवलं तर तेच ४० रुपये विभागून जातात आणि ग्रॅमला साडेएकोणसत्तरच्या आत पडतं. म्हणजे किती घ्यायचं हे ठरल्याशिवाय स्वस्त कुठलं, हे सांगताच येत नाही.

हल्ली पाकिटावर एमआरपीशेजारी ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. पण तो एमआरपीवरून काढलेला. आपण देतो ती किंमत बहुतेक वेळा वेगळीच असते. म्हणून आता मी प्रत्येक चित्रासाठी वहीत दोनच आकडे लिहिते: शेवटी हातून जाणारे रुपये आणि घरात येणारे ग्रॅम. लिटर दिसला की चित्र मोठं करून ग्रॅम शोधते, नाही सापडले तर तुपासाठी ९०५ धरते. मग भागाकार. आणि मागवण्याआधी तिन्ही पानं पुन्हा उघडून बघते, कारण स्क्रीनशॉट म्हणजे त्या घटकेचा भाव, उद्याचा नव्हे.

त्या रात्री मी माझ्या घरचं किलोभर तूप घेऊन तिच्याकडे गेले. पहाटेपर्यंत दोघींनी बेसन भाजलं. मी २४६ रुपये पुढे केले, तर म्हणाली, "राहू द्या अक्का. बाईंवर आळ आला नाही, तेवढ्यात फिटलं."

पैसे तिने घेतले नाहीत. तो आकडा मात्र माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.