'बुडाला' नाही, 'बंद केला'

2021 सालची गोष्ट. मुलुंडच्या एका कंपनीत स्टोअर्सच्या जागेसाठी मुलाखत होती. समोरच्या बाईंनी सरळ विचारलं, "सप्टेंबर 2020 नंतर काय करत होता?"

आणि मी सुरू झालो. कोरोना, गाळ्याचा मालक, सरकार, उधारी बुडवणारी गिऱ्हाइकं... बोलता बोलता आवाज चढला. बाईंनी पेन खाली ठेवलं, तेव्हाच कळलं की ही नोकरी गेली.

बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये जेट एअरवेजमधले एक काका आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं सोपं होतं रे. 17 एप्रिल 2019 ला जेट थांबली, एवढं म्हटलं की समोरच्याला पुढचं माहीत असायचं. तुझा धंदा पेपरात आला नव्हता. तुलाच तारीख सांगावी लागणार."

मग दोघांनी बसून उत्तर लिहून काढलं. ते असं: "ऑगस्ट 2018 ते सप्टेंबर 2020 मी अंधेरीला डब्याचा व्यवसाय केला. रोज 140 डबे जायचे, त्यातले 110 एमआयडीसीतल्या ऑफिसांत. लॉकडाऊनमध्ये ऑफिसं घरी गेली. सगळी गिऱ्हाइकं एकाच प्रकारची ठेवली, हा माझा अंदाज चुकला. सहा महिने वाट पाहिली, सगळ्यांची देणी दिली आणि व्यवसाय बंद केला. आता भावाच्या गोदामात माल आणि टॅली बघतो." बस. इथे थांबायचं.

काकांनी दोन गोष्टी पकडल्या. मी आधी 'धंदा बुडाला' लिहिलं होतं. ते म्हणाले, "बुडाला म्हटलं की समोरचा मनात विचारतो, कोणाचे पैसे बुडाले? तू बंद केलास ना, मग तसंच म्हण." दुसरं, उत्तरात गाळामालक आला की खोडायचा. त्याचं वागणं खरं असेल, पण मुलाखतीत त्याची बाजू मांडायला तो नसतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की उद्या हा आपल्याबद्दलही असंच बोलेल.

खरी अडचण नंतर आली. दुसऱ्या कंपनीत, घाटकोपरला, निवड झाली, पण पडताळणीच्या फॉर्मवर रकाना एकच: मागच्या मालकाचं रिलिव्हिंग लेटर. मीच मालक, मला कोण देणार? तिथे वाद न घालता गुमास्ता, जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा आदेश, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि करंट खात्याचं स्टेटमेंट जोडलं. सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा कागदावर जुळल्या आणि काम झालं.

म्हणून धंदा बंद करणाऱ्यांनो, शटर ओढलं की नोंदणीही रीतसर बंद करा. मला कंटाळा आला होता, बायकोने मागे लागून करून घेतलं. नाहीतर कागदावर तो धंदा चालूच राहिला असता, आणि मी मुलाखतीत सांगत बसलो असतो की बंद केला.