विषय: सामान परत करणेबाबत

आमच्या धाकट्या बहिणीचा मुबारात झाला त्याला आता वर्ष होत आलं. दोघांनाही नांदायचं नव्हतं. जमातीच्या चार बुजुर्गांसमोर बसून दोघांनी तसं कबूल केलं, कागद झाला, उधार राहिलेला मेहर बँकेत जमा झाला. भांडण म्हणावं असं त्या दिवशी काहीच झालं नाही. पण कागदात शेवटी एक ओळ होती, ‘दोन्ही पक्षांनी आपापले सामान आपसात परत करावे.’ ही एक ओळ पुढचे चार महिने आमच्या घरात एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखी बसून राहिली.

इद्दत संपेपर्यंत कोणीच विषय काढला नाही. छोटी शांत होती, अम्मी तिला काही विचारत नव्हत्या. मग एके दिवशी बँकेने तिला नोकरीसाठी नवीन खातं उघडायला बी.एड.चं मूळ प्रमाणपत्र नव्हे, पण आधारचा ओटीपी मागितला, आणि ओटीपी ज्या नंबरावर जातो ते सिमकार्ड तिच्या माजी नवऱ्याच्या नावावर आहे हे आम्हाला आठवलं. ते त्यांनी उद्या बंद केलं तर? दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी आधार केंद्रात गेलो, अंगठा देऊन नवा नंबर जोडून घेतला, मग बँकेत आणि शाळेत तोच दिला. हे काम त्यांना न विचारता होण्यासारखं होतं, म्हणून आधी केलं. कोणाच्याही बाबतीत हाच क्रम असावा असं आम्हाला वाटतं. जे आपलं आपण मिटवू शकतो ते मिटवून टाकावं, म्हणजे निरोपात लिहायला कमी उरतं.

उरलं ते असं. त्यांच्याकडे आमच्या अम्मीच्या पाटल्या, छोटीची सगळी मूळ प्रमाणपत्रं, शिलाई मशीन आणि अब्बांचा कुरआन. आमच्याकडे त्यांच्या आईंचा हार, त्यांच्या गाडीचं आरसी बुक आणि घराची दुसरी किल्ली. दोघांच्या नावावर बँकेत एक लॉकर. आणि सासरच्या रेशनकार्डावर अजून छोटीचं नाव, जे तिथून कमी झाल्याशिवाय आमच्या कार्डावर चढत नाही.

फोन करायचा नाही हे छोटीनेच ठरवलं. आवाज ऐकला की मी दुसरंच बोलेन, म्हणाली. शिवाय आता ते गैरमहरम, कामापुरतं लिहिलेलं बरं. मग एका रात्री स्वयंपाकघरात बसून तिने व्हॉट्सॲपचा निरोप लिहिला आणि मोबाईल आमच्यापुढे सरकवला. वाचायला बराच वेळ लागला. पाटल्यांच्या ओळीनंतर ‘ज्या तुमच्या बहिणीच्या लग्नात माझ्या हातातून काढून घेतल्या’ असं होतं. प्रमाणपत्रांच्या ओळीनंतर नोकरी करू न दिल्याची तीन वाक्यं. शेवटी, ‘मी तुमचं काय वाईट केलं होतं?’

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. पण आम्ही बावीस वर्षं नववी-दहावीला पत्रलेखन शिकवतो. तिला म्हटलं, हे दोन वेगळे कागद आहेत, तू एकावर लिहिलेस. एक वहीत लिही आणि ठेव. दुसरा पाठव.

मग आम्ही दोघी तो निरोप चाळायला बसलो. चाळणी साधी होती: या वाक्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेला’ असं उत्तर देता येतं का? येत असेल तर राहील. ‘काय वाईट केलं होतं’ला असं उत्तर नाही, ते गेलं. मग ‘नेहमी’, ‘तरीसुद्धा’, ‘निदान आता तरी’ हे शब्द शोधले. हे शब्द दिसायला गरीब असतात, पण जुनं सगळं त्यांच्याच पदराला बांधून येतं. गोड बोलणंही तितकंच काढावं लागलं. ‘तुम्ही सुखी राहा’ असं एक वाक्य होतं. छोटीने ते मनापासून लिहिलं होतं, पण वाचणाऱ्याला तो टोमणा वाटला असता किंवा उलट आशा वाटली असती. दोन्ही नको होतं.

भाषेचा प्रश्न मध्येच आला. घरात आम्ही दखनी बोलतो, ती दोघं रुसायची-हसायची तीही दखनीतच. छोटीने पहिला निरोप त्याच बोलीत लिहिला होता. आम्ही म्हटलं, मराठीत लिही, अर्जासारखं. तहसीलदाराला लिहितो तसं. मराठीत लिहिताच तिची निम्मी वाक्यं आपोआप गळाली, कारण त्या भाषेत ती त्यांच्याशी कधी भांडलीच नव्हती.

अडलं ते मायन्यावर. तिने संसारात कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, ‘अहो’ आणि ‘ऐका ना’वर अकरा वर्षं गेली. आता ‘अहो’ लिहिता येईना आणि नाव टाईप करताना बोट थांबलं. आम्हालाही सुचेना, आम्ही त्यांना दूल्हाभाई म्हणायचो. शेवटी नुसता सलाम लिहिला. सलाम सगळ्यांना करता येतो.

हारावर सर्वांत जास्त वेळ गेला. लग्नात सासरहून चढाव्यात आलेला तो हार. कायद्याने तो छोटीचाच. 1986 च्या मुस्लिम महिलांच्या घटस्फोटविषयक कायद्यात लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, नवऱ्याने आणि नवऱ्याच्या नातेवाइकांनी दिलेली मालमत्ता स्त्रीची असल्याचं तिसऱ्या कलमात आहे. बायकोला दिलेलं परत घेऊ नये ही ताकीद सूरह बकरा आणि सूरह निसामध्ये आहेच. अम्मी म्हणाल्या, ठेव. छोटी म्हणाली, त्यांच्या आईंनी तो स्वतःच्या गळ्यातून काढून मला घातला होता, मला तो घालवणार नाही. आम्ही तिला एवढंच विचारलं की हे भीतीने देतेस की मर्जीने. मर्जीने, म्हणाली. मग निरोपात ‘परत देत आहे’ एवढंच लिहिलं, आणि सामानाच्या यादीत ‘स्वतःच्या इच्छेने’ हे शब्द घातले. निरोपात ते उपकार वाटले असते. यादीत ते हवेत, कारण उद्या कोणी ‘हार आमचाच होता, मग बाकीचंही आमचंच’ म्हणू नये.

पाठवलेला निरोप असा होता:

‘अस्सलामु अलैकुम. जमातीसमोर ठरल्याप्रमाणे सामानाबद्दल लिहीत आहे. माझ्या वस्तू: अम्मीच्या पाटल्यांची जोडी, दहावीपासून बी.एड.पर्यंतची मूळ प्रमाणपत्रे, शिलाई मशीन, अब्बांचा कुरआन. तुमच्या वस्तू माझ्याकडे: हार, गाडीचे आरसी बुक, घराची किल्ली. येत्या दोन रविवारांपैकी कोणत्या रविवारी सकाळी 11 वाजता देवाणघेवाण करता येईल? माझ्याकडून मोठे मामू येतील, तुमच्याकडून कोण येईल ते कळवा. लॉकर बंद करण्यासाठी दोघांच्या सह्या लागतील, त्यानंतरच्या सोमवारी बँकेत येऊ शकाल का? रेशनकार्डावरून माझे नाव कमी करण्याच्या अर्जावर कार्डप्रमुख म्हणून तुमच्या आईंची सही हवी, अर्ज भरून मामूंकडे पाठवते.’

ना प्रस्तावना, ना समारोप. दुपारी बारा वाजता पाठवला. रात्री पाठवलेल्या निरोपाला रात्रीच उत्तर येतं, आणि रात्रीची उत्तरं वेगळी असतात.

उत्तर चार दिवसांनी आलं. दुसरा रविवार चालेल, त्यांचे चुलते येतील. मशीन मात्र विकलं. आणि खाली एक ओळ: ‘तुला घाई फार झालेली दिसते.’ छोटीचा चेहरा पडला. तिने तीन वेळा उत्तर लिहून पुसलं. आम्ही म्हटलं, या ओळीत वस्तू कोणती आहे? तारीख कोणती? नाही ना, मग तिला उत्तरही नाही. तिने लिहिलं, ‘रविवार ठीक. मशीनचा विषय माझ्याकडून संपला.’ मशीन आठ हजारांचं होतं. ते मागत बसलो असतो तर पाटल्या अजून दोन महिने अडकल्या असत्या.

पाटल्यांवरून मात्र घोळ होता होता वाचला. अब्बांच्या जुन्या वहीत ‘पाटल्या तीन तोळे’ अशी नोंद. चुलत्यांनी सराफाकडून वजन करून आणलं होतं 34.2 ग्रॅम आणि ते म्हणत होते, तीन तोळे म्हणजे तीस ग्रॅम, मग चार ग्रॅम जास्त कसे, यात आमचं काही मिसळलंय का? मोठे मामू जुन्या वळणाचे. त्यांनी सांगितलं की अम्मीच्या लग्नात तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता, 11.66 चा, तीन तोळे म्हणजे जवळपास 35 ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा हा आताचा हिशेब. उरलेला अर्धा-पाऊण ग्रॅम इतक्या वर्षांत झिजला असणार. यादीत तोळे खोडून ग्रॅम लिहिले, दोन प्रती केल्या, दोघांनी सह्या केल्या. पुन्हा असं काही लिहायची वेळ कोणावर आली तर सोनं ग्रॅममध्येच लिहावं.

आम्ही दोघी त्या दिवशी तिथे गेलोच नाही. मामू प्रमाणपत्रांची फाईल घेऊन आले तेव्हा छोटीने आधी अब्बांचा कुरआन उघडून पाहिला. पहिल्या पानावर अब्बांच्या अक्षरात तिचं नाव होतं, ते तसंच होतं. निकाहचा अल्बमही त्यांनी न मागता पाठवला होता. तो आम्ही अम्मीच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला, सध्या कोणी काढत नाही.

सोमवारी बँकेत ती दोघं समोरासमोर आली. सही करताना त्यांनी पेन मागितलं, तिने दिलं. एवढंच, ती म्हणाली.

रेशनकार्डाला सर्वांत उशीर लागला, सहा आठवडे. नाव कमी केल्याच्या दाखल्याचा फोटो त्यांनी पाठवला तेव्हा छोटी भाकऱ्या करत होती. पिठाचे हात पुसून तिने लिहिलं, ‘मिळाला. जजाकल्लाह.’ मग नंबर पुसला, आणि तवा तापला होता म्हणून पुढची भाकरी टाकली.