शेअर सर्टिफिकेटसाठी पन्नास हजारांची 'देणगी'?

आपल्या मुक्ताईनगरातून मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात फ्लॅट घेणारे बरेच जण आहेत, म्हणून हे लिहितोय. आम्हीही घेतला, रीसेलचा. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत झालं की काम संपलं असं लोक समजतात. पण सोसायटीच्या दप्तरी सभासद जुना मालकच राहतो. सभेत मत त्याचं. उद्या इमारत पाडून नवीन बांधायची ठरली तरी सही त्याचीच मागतील.

म्हणून सोसायटीला पत्र द्यावं लागतं. सोबत विकणाऱ्याचा राजीनामा आणि शेअर हस्तांतरणाचा अर्ज, आपला सभासदत्वाचा अर्ज, खरेदीखताची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट. हस्तांतरण फी 500 रुपये, प्रवेश फी 100. विकणाऱ्याचा मेंटेनन्स थकलेला नसावा, हे व्यवहाराआधीच बघा.

आमचे सेक्रेटरी भाऊ म्हणाले, "पन्नास हजार देणगी द्या, मग अर्ज घेतो."

आता ऐका. हस्तांतरणाचा प्रीमियम सोसायटी घेऊ शकते, पण त्याला कमाल मर्यादा आहे. 9 ऑगस्ट 2001 च्या शासन परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000, ग्रामपंचायतीत 5,000. दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो. त्यावर देणगी, विकास निधी, रंगकाम, कुठल्याही नावाने जादा पैसा मागता येत नाही. मी शांतपणे सभेच्या ठरावाची प्रत मागितली. ठरावात 25,000 च होते! मग तेवढ्याच रकमेचा चेक लावला आणि पूर्ण संच रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला.

ही पोचपावती जपून ठेवा, कारण मुदत तिच्यावरूनच मोजतात. सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 22(2) : अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नकार द्यायचा तर कारणासह कळवावा लागतो. आमची पावती 4 जूनची, म्हणजे मुदत 4 सप्टेंबर.

पण मुदत संपली म्हणून सर्टिफिकेटवर नाव आपोआप चढत नाही. वाद झालाच तर तुम्ही सभासद झालात की नाही, हे निबंधक ठरवतात. इथे 'निबंधक' म्हणजे सहकारी संस्थांचे, खरेदीखताचे नव्हेत, गल्लत करू नका. सोसायटी अर्ज हातातच घेत नसेल, तर कलम 23 प्रमाणे तोच अर्ज फीसकट त्यांच्याकडे देता येतो, ते सोसायटीला पाठवतात.

ऑगस्टअखेर कमिटीने मंजुरी दिली. सर्टिफिकेट नवं मिळत नाही, त्याच्याच मागच्या बाजूला जुनी नावं संपतात तिथे आपलं नाव, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या येतात. सोसायटीचा शिक्काही बघून घ्या.