सहा वह्या

मॅड्रिगल कसं वाचायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्या बाईंचं नाव कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. लंडनमध्ये नोकरीला होते तेव्हा आठवड्यातून एकदा संध्याकाळी भरणाऱ्या गायनवर्गाला मी जायची. त्या वर्गाच्या या बाई. आज पुण्यात गायनसंगीताच्या इतिहासावर सेमिनार घेताना शब्दचित्रणाचा विषय निघतो, आणि मी जे बोलते त्यातला बराचसा भाग त्यांचा असतो.

शब्दचित्रण म्हणजे शब्दाचा अर्थ स्वरांनी दाखवणं. इंग्रजी मॅड्रिगलमधलं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण टॉमस वील्कसचं आहे. लॅटमॉस टेकडीवरून उतरणाऱ्या वेस्टा देवीची ही सहा आवाजांची रचना टॉमस मॉर्ली यांनी 1601 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ट्रायम्फ्स ऑफ ओरियाना’ या संग्रहात आहे. त्यातली ओरियाना म्हणजे राणी एलिझाबेथ, असं साधारणपणे मानलं जातं. देवी उतरते तिथे स्वर पायरीपायरीने खाली येतात आणि कुमारिका राणी चढते तिथे वर जातात. डायना देवीच्या सख्या राणीकडे धावत सुटतात तेव्हा भरभर उतरणाऱ्या स्वरांच्या माळा एकमेकींत घुसतात. त्या दोघीदोघींनी निघतात तिथे दोनच आवाज, तिघीतिघींनी निघतात तिथे तीन, आणि सगळ्या एकत्र येतात तिथे सहाही आवाज. मागे देवी एकटी राहते, तो शब्द एकच आवाज गातो. शेवटी राणीला दीर्घायुष्य चिंतलं जातं तेव्हा सर्वांत खालचा आवाज लांबच लांब स्वर धरून राहतो.

इतकं कुठल्याही पुस्तकात मिळतं. बाईंनी मात्र ही रचना शिकवताना पूर्ण स्वरलिपी आमच्या हाती दिलीच नाही. सोळाव्या शतकात मॅड्रिगल छापली जायची ती वेगवेगळ्या वह्यांत. प्रत्येक गाणाऱ्याच्या वहीत फक्त त्याची स्वतःची ओळ असायची, मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाही नसायच्या. बाईंनी तशाच सहा वह्या हाताने लिहून काढल्या होत्या. आम्ही टेबलाभोवती बसलो आणि गायला लागलो.

वहीत तुमच्या ओळीखेरीज काहीच दिसत नाही. आपल्याला इतके ठोके थांबायचं आहे एवढंच कळतं. मग थांबलेले असताना बाकीचे चारही जण थांबल्याचं लक्षात येतं, आणि समोरच्या बाकावरची एक बाई तो ‘एकटी’चा शब्द खरोखर एकटीने गात असते. धावण्याच्या जागी तुम्ही तुमची माळ गाऊन मोकळे होता न होता तोच शेजारी तीच माळ सुरू करतो, तुमच्या अंगावर धावून आल्यासारखी. पूर्ण स्वरलिपी पाहिलेल्या माणसाला हे सगळं आधीच माहीत असतं. वही घेऊन बसलेल्याला ते गाताना कळत जातं. बाई म्हणायच्या, “ही चित्रं सभागृहातल्या श्रोत्यांसाठी नाहीत. ती टेबलाभोवतीच्या माणसांसाठी आहेत.”

हे वाक्य हाती आलं म्हणजे एक जुना वाद वेगळा दिसू लागतो. व्हिन्चेन्झो गॅलिली, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी 1581 साली प्राचीन आणि आधुनिक संगीतावरच्या आपल्या संवादग्रंथात अशा चित्रणावर कडाडून टीका केली. एकेका शब्दाची नक्कल करताना कवितेचा भाव विस्कटतो आणि ऐकणाऱ्याच्या मनाला काहीच भिडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकणाऱ्याच्या जागेवरून ते बरोबरच आहे. आणखी पुढे जाऊन पाहा. लुका मारेंझिओ यांच्या वह्यांत ‘डोळे’ या शब्दावर दोन पोकळ गोल स्वरचिन्हं शेजारीशेजारी येतात. हे डोळे कुणालाही ऐकू येणार नाहीत, ते फक्त वही धरलेल्यालाच दिसतात. या रचना मुळात कुणाच्या हातात पडायच्या हे विसरलं, की असल्या जागा पोरकट वाटू लागतात. मला त्या तशा कधीच वाटल्या नाहीत, आणि याचं श्रेय बाईंचं.

तरीही त्यांचा खरा जीव चित्रांपेक्षा शब्दांच्या बांधणीत होता. मॉर्ली यांनी 1597 सालच्या आपल्या शिक्षणग्रंथात, शब्द चढले तर संगीतही चढावं असं सांगितलं आहेच. पण त्याच ठिकाणी आणखी दोन नियम आहेत. ऱ्हस्व अक्षराला लांब स्वर देऊ नये आणि दीर्घाला आखूड देऊ नये. आणि वाक्याचा अर्थ पुरा होईपर्यंत स्वरांना पूर्णविराम देऊ नये. बाई पहिल्या नियमावर पाच मिनिटं बोलल्या असतील. उरलेल्या दोनांवर मात्र सगळा हिवाळा घालवला.

त्यासाठी त्यांनी निवडली होती जाक आर्कादेल्ट यांची हंसाची रचना. चार आवाजांची, 1539 साली व्हेनिसमध्ये छापलेली, इटालियन. हंस गात गात मरतो, आणि मी रडत रडत आयुष्याच्या शेवटाला येतो, अशी तिची सुरुवात. कवीने ओळ तोडली आहे ती ‘आणि मी’ या शब्दांपाशी, रडणं पुढच्या ओळीत जातं. कवितेचं पान समोर ठेवून चाल लावणारा तिथे थांबला असता. आर्कादेल्ट थांबत नाहीत. ‘आणि मी’ हे शब्द ते पुढच्या रडण्याला जोडून टाकतात आणि अर्थ पुरा होतो तिथेच स्वर टेकवतात. मॉर्लींचा नियम छापला जायला अजून 58 वर्षं होती.

आणि ‘रडत’ या शब्दावर, आतापर्यंत उजळ चाललेल्या सुरावटीत, इ-फ्लॅटचा कोमल स्वर येतो. एवढंच. उसासे नाहीत, आवाजाची थरथर नाही. ज्याच्या वहीत ते कोमलाचं चिन्ह आहे त्याला ते दिसतं, इतरांना फक्त पायाखालची जमीन किंचित सरकल्याचं जाणवतं.

इथे गाणारे हमखास कुठे घसरतात तेही बाईंनीच दाखवलं. मूळ इटालियन शब्द ‘पियांजेन्दो’, त्याचा आघात ‘जेन्’वर. आजच्या छापील प्रतीतली उभी रेघ पाहून गाणारा रेघेनंतरच्या अक्षरावर जोर देतो आणि शब्द मोडतो. ओळखायची खूण सोपी आहे: ओळ आधी नुसती बोलायची, मग लगेच गायची. बोलताना जिथे जोर पडला तिथेच गातानाही पडला पाहिजे. बाई आम्हाला त्या रेघा झाकून टाकायला लावत. कोमल स्वरावर कुणी आवाज चढवला, तर हात वर करून थांबवत. “ते काम त्यांनी करून ठेवलंय, तुम्ही परत करू नका.”

शेवटी कवीला दिवसाला हजार मरणं हवीशी वाटतात. त्या काळच्या कवितेत मरण हा शरीरसुखाचाही संकेत होता, आणि हे सांगताना बाई जराही चाचरत नसत. इतका वेळ बरोबरीने चाललेले चारही आवाज इथे सुटे होतात, एकामागून एक तेच शब्द घेऊन शिरतात, पुन्हा शिरतात. हजार मोजायला चार आवाज पुरतात, कारण एकाचं संपण्याआधीच दुसऱ्याचं सुरू झालेलं असतं.

सेमिनारच्या पुढच्या सत्रात वील्कस आहेत. वह्या मी लिहून काढल्या आहेत, सहा. पूर्ण स्वरलिपी मागणाऱ्यांना ती गाणं झाल्यावर मिळेल, आधी नाही.